चुलीवरचा चहा आणि नागपूरची शारदा

ताईने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ऑडिओ पाठवला होता. सेहेचाळीस मिनिटांचा. खाली फक्त एक ओळ होती : ‘एकटा असशील तेव्हा ऐक.’

ताई म्हणजे माझी मावसबहीण. अंजनगाव सुर्जीत माहेर आणि सासरही तिथंच, दोन गल्ल्या सोडून. लहानपणापासून तिला विहिरीची भीती वाटते. साधी नाही. शेतात गेली तरी विहिरीच्या बाजूने ती जात नाही, लांबून वळसा घालते. मुलं मोठी झाल्यावर ही भीती कमी व्हायच्या ऐवजी वाढली, तेव्हा कुणीतरी तिला ‘पास्ट लाइफ रिग्रेशन’ करणाऱ्या एका बाईंचा नंबर दिला. व्हिडिओ कॉलवर दोन सत्रं झाली. त्यातल्या दुसऱ्या सत्राचं हे रेकॉर्डिंग.

त्यात ताई एका विणकराची बायको आहे. साल १८०३. गाव हेच, अंजनगाव. बाहेर घोड्यांचा आवाज, धूळ, ‘इंग्रज आले’ म्हणून ओरडणारी माणसं. ताई घरात चुलीवर चहा ठेवते आहे. मग मागच्या अंगणात भांडण होतं, कुणीतरी तिला ढकलतं, ती विहिरीत पडते. इथं ताई खरोखर रडते. ते रडणं मी पुन्हा ऐकू शकलो नाही. शेवटी बाई विचारतात, ‘ज्याने ढकललं त्याच्या डोळ्यांत नीट बघा. या जन्मात तो कोण आहे?’ थोडी शांतता. मग ताई तिच्या दिराचं नाव घेते.

त्या दिवसापासून ताई दिराशी बोलत नाही. त्याच्या घरचं पाणीही पीत नाही. दोन भावांमध्ये शेताच्या वाटणीचा विषय आधीच नाजूक होता, आता तो पार तुटायला आला. म्हणून हा लेख. पुनर्जन्म असतो की नसतो, हा वाद मला इथं घालायचा नाही. माझा प्रश्न त्याहून लहान आहे : इतकी स्वच्छ, रडवणारी आठवण येते कुठून? आणि ती आली, तर तिच्या जोरावर माणूस दुसऱ्या माणसाबद्दल काय ठरवू शकतो?

चहा कुठून आला?

सुरुवात चहापासून करू.

१८०३ हे साल अंजनगावात कुणालाही माहीत असतं. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. तो तह आपल्या गावाच्या नावाने इतिहासात आहे. शाळेत हा धडा आला की गुरुजी हमखास म्हणत, ‘हे आपलं गाव बरं का.’ म्हणजे साल, इंग्रज, घोडे हे सगळं ताईकडे आधीपासून होतं.

पण चहा? आसामात चहाची लागवड सुरू झाली ती १८३० च्या दशकात. आपल्या खेड्यापाड्यांतल्या चुलीवर तो आला विसाव्या शतकात. १८०३ मध्ये वऱ्हाडातल्या विणकराच्या घरी सकाळी चहा ठेवला जात असणं अशक्य. आणखी एक गोष्ट. ‘साल कोणतं?’ असं विचारल्यावर ताईने इसवी सन सांगितला. त्या काळच्या विणकराच्या बायकोला सांगायचंच असतं तर तिने शक सांगितला असता, फसली सांगितली असती, किंवा ‘अमक्या दुष्काळानंतर दुसऱ्या वर्षी’ असं काहीतरी सांगितलं असतं.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ निकोलस स्पॅनॉस यांनी नेमकं हेच तपासलं. संमोहनाखाली गेल्या जन्मात ‘गेलेल्या’ लोकांना ते त्या काळातल्या पडताळता येतील अशा गोष्टी विचारत. देश युद्धात होता का? नाण्यावर कुणाचं चित्र होतं? बहुतेक उत्तरं चुकत. एकाने आपण ज्युलियस सीझर असून इसवी सन ५० मध्ये रोमचा सम्राट आहोत असं सांगितलं. सीझर सम्राट कधीच नव्हता, आणि त्याआधी ९३ वर्षं तो मेलेला होता. ताईचा चहा आणि या माणसाचा इसवी सन एकाच जातीचे आहेत.

स्पॅनॉस यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमधला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सत्राआधी काही लोकांना सहज सांगितलं गेलं, की जुन्या काळी लहान मुलांचा फार छळ होत असे. या लोकांच्या ‘मागच्या जन्मात’ छळाचे प्रसंग जास्त आले. ज्यांना सांगितलं, की तुम्ही कदाचित वेगळ्या लिंगाचे, वेगळ्या संस्कृतीतले असाल, त्यांच्यापैकी अनेकांचे जन्म तसे निघाले. म्हणजे समोरच्याने जे बी टाकलं तेच उगवलं. ती आठवण खरी वाटते की कल्पना, हेही बरंचसं एका गोष्टीवर ठरत होतं : त्या माणसाचा आधीपासून पुनर्जन्मावर विश्वास आहे का.

आता ताईचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. आधी दहापासून एकपर्यंत उलटी मोजणी. मग जिना, मग दार. ‘दार उघडा, खाली पायांकडे बघा, पायांत काय आहे?’ हा प्रश्न वरवर निरुपद्रवी वाटतो. पण त्यात पाय आहेत हे गृहीत आहे, दुसरा काळ गृहीत आहे आणि काहीतरी दिसलंच पाहिजे हेही गृहीत आहे. डोळे मिटून कुणीही आपल्याला असं विचारलं तर काहीतरी दिसतंच, कारण चित्र रंगवणं हे मनाचं रोजचं काम आहे. मग ‘महत्त्वाच्या प्रसंगाकडे चला’, ‘मृत्यूच्या क्षणाकडे चला’. म्हणजे गोष्टीला कळस आणि शेवट हवा, हेही ठरलं. आणि सगळ्यांत शेवटी, ‘या जन्मात तो कोण?’ या प्रश्नाला ‘कुणीच नाही’ हे उत्तर चालत नाही. ताईच्या मनात त्या महिन्यात जो माणूस खुपत होता, त्याचं नाव तोंडात येणं यात नवल काय?

ताई खोटं बोलत नव्हती, हे मी शंभरदा सांगीन. तिने दृश्य बनवलं आणि आपण ते बनवतोय हे तिला कळलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

‘मग शारदाचं काय?’

हे मी ताईच्या धाकट्या बहिणीला समजावत होतो, तेव्हा तिने मला अडवलं. ‘बरं, चहाचं मान्य. पण नागपूरच्या शारदाचं काय? थ्या बाईले तर बंगाली बोलता येत होतं.’

प्रश्न योग्य होता. विदर्भात पुनर्जन्माचा विषय निघाला की हे नाव येतंच, आणि ते यायलाही हवं. कारण इतक्या बारकाईने तपासलेली दुसरी घटना महाराष्ट्रात नाही.

उत्तरा हुद्दार यांचा जन्म १९४१ चा, नागपूरचा, मराठी घरातला. उच्चशिक्षित, नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन शिकवणाऱ्या. आजारपणामुळे त्या एका खाजगी दवाखान्यात राहिल्या होत्या. तिथं एका योग्याने ध्यान शिकवलं, त्याही ध्यान करू लागल्या. १९७४ च्या सुरुवातीला त्यांच्यात बदल दिसू लागला. मधूनच त्या बंगाली बोलू लागत, विवाहित बंगाली बाईसारखी साडी नेसत आणि आपलं नाव शारदा असल्याचं सांगत. त्या अवस्थेत त्यांना मराठी कळत नसे, घरचे ओळखू येत नसत. कधी हे एखादा दिवस टिके, कधी कित्येक आठवडे. अष्टमीच्या आसपास हे जास्त होई.

शारदाची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या बंगालमधली होती. वडील ब्रजनाथ चट्टोपाध्याय, बांसबेडियाच्या परिसरातले. नवरा वैद्य. सात महिन्यांची गरोदर असताना, बाविसाव्या वर्षी, पायाच्या बोटाला साप चावला. त्यापुढचं तिला काही माहीत नव्हतं. वीज, मोटार, टेपरेकॉर्डर या वस्तू तिला अनोळखी होत्या. म्हणजे शारदाच्या चुलीवर चहा नव्हता. ताईच्या आणि तिच्या गोष्टीतला हा पहिला फरक.

दुसरा फरक असा, की इथं तपास झाला. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयन स्टीव्हन्सन आणि त्यांच्या भारतीय सहकारी सतवंत पसरिचा यांनी अभ्यास केला. स्टीव्हन्सन यांच्या १९८४ च्या पुस्तकात हे प्रकरण आहे. पुण्याचे मानसशास्त्रज्ञ व्ही. व्ही. अकोलकर यांनी स्वतंत्र तपास करून १९९२ मध्ये दीर्घ अहवाल प्रसिद्ध केला. बंगाली जाणणाऱ्यांनी शारदाशी बोलून तिची भाषा तपासली. पाठ केलेली चार वाक्यं नव्हती ती, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी भाषा होती. संस्कृत शब्द जास्त, इंग्रजी शब्द नाहीत, असं नोंदवलं गेलं. आणि चट्टोपाध्याय घराण्याची एक वंशावळ सापडली. तिच्यातली नावं आणि नाती शारदाने सांगितलेल्या पुरुष नातेवाइकांशी जुळत होती.

इथपर्यंत आलं की यूट्यूबवरचे व्हिडिओ थांबतात. मला वाटतं, खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते.

वंशावळ पुरुषांची होती. त्या काळच्या बहुतेक वंशावळींसारखी तिच्यात मुलींची नावं नव्हती. म्हणून ब्रजनाथ होते हे कळलं, पण त्यांना शारदा नावाची मुलगी होती का, ती साप चावून गेली का, हे कधीच कळलं नाही. जिच्याबद्दल सगळा दावा आहे, तीच कागदावर नाही.

भाषेचं तर अधिक गुंतागुंतीचं आहे. तपासातच समोर आलं, की उत्तराबाईंनी शाळेच्या वयात बंगाली वाचनाचे थोडे धडे घेतले होते, लिपी वाचण्यापुरते. संस्कृतही त्या शिकल्या होत्या. बंगालबद्दल त्यांना ओढ होती, बंगाली कादंबऱ्या त्यांनी मराठी अनुवादात वाचल्या होत्या. त्या काळात अशा कादंबऱ्या मराठी घरांत भरपूर वाचल्या जात. शिवाय मराठी, हिंदी, संस्कृत येणाऱ्या माणसासाठी बंगाली म्हणजे फिनिश नव्हे. अर्धा शब्दसंग्रह ओळखीचा निघतो. स्टीव्हन्सन यांचं म्हणणं असं, की एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर कुणी असं सलग बोलू शकत नाही. टीकाकारांचं म्हणणं असं, की शिदोरी नेमकी किती होती हे इतक्या वर्षांनंतर विचारून कळत नाही.

या दुसऱ्या मुद्द्याची ताकद कळायला फिनलंडमधलं एक उदाहरण बघू. रेइमा काम्पमन या मानसोपचारतज्ज्ञांनी शाळकरी मुलांना संमोहित करून ‘आधीचे जन्म’ विचारले. एका मुलीने त्या अवस्थेत तेराव्या शतकातल्या जुन्या इंग्रजीतलं एक गाणं म्हटलं. ती भाषा तिला कुणी शिकवलेली नव्हती. बहुतेक संशोधक इथं थांबले असते. काम्पमन यांनी काही वर्षांनी तिला पुन्हा संमोहित केलं आणि वेगळा प्रश्न विचारला : हे गाणं तू पहिल्यांदा कुठं पाहिलंस? तेव्हा तिला वाचनालय आठवलं, पुस्तक आठवलं. संगीताचं एक पुस्तक तिने लहानपणी नुसतं चाळलं होतं. ते पुस्तक खरोखर होतं आणि त्यात ते गाणं होतं.

या प्रकाराला लपलेली स्मृती म्हणतात. मजकूर आठवतो, तो कुठून आला हे आठवत नाही. आपण सगळेच हे रोज अनुभवतो. एखादा विनोद आपण त्याच माणसाला ऐकवतो, ज्याने तो आपल्याला सांगितला होता. मन मजकूर एका जागी ठेवतं आणि त्याच्या पावत्या दुसरीकडे. पावत्या लवकर हरवतात. पावती हरवलेली वस्तू हातात आली की दोनच गोष्टी सुचतात : ही मी बनवली, किंवा ही मी जगलो. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी गेल्या जन्माच्या आठवणी सांगणाऱ्या लोकांवर एक साधी चाचणी घेतली. त्यांना आधी काही अप्रसिद्ध नावं वाचायला दिली. नंतर प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध नावांची मिसळ दाखवून विचारलं, यातलं प्रसिद्ध कोण? तुलनेसाठी घेतलेल्या लोकांपेक्षा यांनी आधी वाचलेली अप्रसिद्ध नावं जास्त वेळा ‘प्रसिद्ध’ ठरवली. नाव ओळखीचं वाटतं हे त्यांना बरोबर जाणवत होतं, पण ते थोड्याच वेळापूर्वी कागदावर वाचलं होतं म्हणून ओळखीचं, ही पावती सुटत होती. अभ्यास लहान होता आणि त्यावरून कुणाला वेडं ठरवता येत नाही. पण सुटतं नेमकं काय, हे तो दाखवतो.

मग शारदा लपलेली स्मृती होती का? काम्पमन यांनी केलं तसं उगमापर्यंत जाऊन इथं कुणी दाखवलेलं नाही. नुसतं ‘शक्य आहे’ म्हणणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, हे टीकाकारांनीही मानायला हवं. माझ्या मते प्रामाणिक निष्कर्ष एवढाच : पुनर्जन्माखेरीज दुसरी वाट बंद झालेली नाही, आणि त्या दुसऱ्या वाटेने ती आली हेही दाखवता आलेलं नाही. वंशावळीत एक नाव असतं, किंवा ते बंगालीचे धडे नसते, तर तराजू हलला असता.

पण ताईच्या बहिणीला मी जे सांगितलं ते वेगळंच होतं. शारदा कुणी संमोहित करून बाहेर काढलेली नव्हती. ‘पायांकडे बघा’ असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. आणि ज्या स्टीव्हन्सनचं नाव रिग्रेशनवाले आपल्या वेबसाइटवर टाकतात, ते स्वतः संमोहनातून काढलेल्या जन्मांबद्दल अत्यंत साशंक होते. बहुतेक असे जन्म कल्पनेची निर्मिती असतात, असा इशारा त्यांनी लेखी दिला होता. शारदाचं बंगाली वापरून ताईचा चहा खपवता येत नाही.

परंपरा काय म्हणते?

रिग्रेशनच्या बाई ताईला म्हणाल्या होत्या, ‘हे आपल्या शास्त्रात आहेच.’ म्हणून मी शास्त्रात बघितलं. आहे, खरंच आहे. पण वेगळं आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत विभूतिपादात म्हटलंय, की मनावरच्या संस्कारांचा साक्षात्कार झाला तर पूर्वजन्माचं ज्ञान होतं. हे कुणाला? यम-नियमांपासून सुरू करून धारणा, ध्यान, समाधी एकाच विषयावर स्थिर करू शकणाऱ्याला. दोन सत्रांत ते येत नाही. त्याच पादात पुढे हेही सांगितलंय, की अशा सिद्धी समाधीच्या वाटेतले अडथळे आहेत.

या सूत्रावरच्या व्यासभाष्यात एक गोष्ट आहे. जैगीषव्य नावाच्या योग्याला दहा महाकल्पांमधले आपले सगळे जन्म दिसले. देव, माणूस, पशू, नरक, सगळं. आवट्य त्याला प्रश्न विचारतो. ‘तू कोण होतास’ किंवा ‘तुला कुणी मारलं’ असं तो विचारत नाही. तो विचारतो, एवढ्या जन्मांत सुख जास्त मिळालं की दुःख? जैगीषव्य म्हणतो, जे जे भोगलं ते सगळं दुःखच होतं. पूर्वजन्माच्या ज्ञानाचा त्या गोष्टीत एवढाच उपयोग. कुणाचा हिशेब चुकता करायला तो उठत नाही.

गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला म्हणतो, की तुझे-माझे अनेक जन्म झाले, मला ते माहीत आहेत, तुला नाहीत. लक्षात घ्या, पुढे तो अर्जुनाला ते आठवायला लावत नाही. सामान्य माणसाने विसरणं परंपरेने गृहीतच धरलं आहे. बौद्ध परंपरेतही पूर्वजन्माची स्मृती ही बोधीच्या रात्रीची गोष्ट आहे, आणि आपल्याला न मिळालेली अशी अलौकिक सिद्धी मिळाल्याचा जाणूनबुजून खोटा दावा करणाऱ्या भिक्खूला संघातून कायमचं काढायचा नियम आहे. खून आणि चोरीच्या पंगतीत हा गुन्हा ठेवलाय. डॉ. आंबेडकरांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आत्म्याचा पुनर्जन्मच नाकारला. मागच्या जन्माच्या कर्माने माणसाचं आजचं स्थान ठरतं, या कल्पनेने किती माणसांना खाली ठेवलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या भागात अर्धी घरं हा विचार मानतात. म्हणजे ‘परंपरा’ म्हटलं तरी ती एकच एक नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातले गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) बघा. दृष्टी नसलेले, प्रचंड व्यासंगी, स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवणारे. सहाशे वर्षांचं अंतर, आणि कन्या! पण त्याचा पुरावा कुणी मागितला नाही, त्यांनीही तो दिला नाही. ते नातं भक्तीचं होतं. त्यातून ग्रंथ निघाले, वैर निघालं नाही.

मला फरक असा दिसतो. मानसशास्त्र विचारतं, हे कुठून आलं? परंपरा विचारते, हे घेऊन तू काय करणार? दोन्ही प्रश्न अवघड आहेत. पैसे घेऊन केलेल्या सत्रात दोन्ही टाळले जातात. उगम तपासायचा म्हटलं की ‘ही श्रद्धेची गोष्ट आहे’, आणि साधना कुठे आहे विचारलं की ‘ही थेरपी आहे’.

विहीर

काम्पमन यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून दिवाळीला गावी गेलो तेव्हा मी मावशीला विचारलं, ताई लहान असताना विहिरीचं काही झालं होतं का?

मावशी पानांची चळत पुसत बसली होती. त्यांचा पानमळा आता नाही, पण सवय आहे. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मळ्यातल्या इहिरीतून एका बाईले काढलं होतं. कामाले येत जाय आपल्याकडं. हे तीनेक वर्साची असन तवा, माह्या कडेवर होती. मी तोंड फिरवलं तिचं. पण लेकरू हाय, पायलंच असन तिनं. घरात कोणी पुन्हा थो विषय काढला नाही.’

हेच कारण आहे असं मी म्हणणार नाही. मीही तर उगमाची एक छान गोष्ट शोधतच होतो, आणि मावशीची आठवणही चाळीस वर्षांची आहे. तीन वर्षांच्या मुलीला असा प्रसंग आठवणीसारखा आठवत नाही, हेही खरं. पण भीती राहू शकते, आणि मोठ्यांच्या गप्प बसण्यातून, ‘तिकडं जाऊ नको’ म्हणण्यातून ती पोसली जाऊ शकते. या गोष्टीत आणि १८०३ च्या गोष्टीत एक फरक नक्की आहे. ही कुणाला तरी विचारून पडताळता येते. त्या वेळी मळ्यात असलेली दोन माणसं अजून गावात आहेत. मी एकाला विचारलं, त्यानेही बाईचं सांगितलं. दिराचा मात्र यात कुठेच संबंध नाही. तो तेव्हा जन्मलाही नव्हता.

मावशीनेच ताईला हे सांगितलं, मी नाही. दोघी बराच वेळ आतल्या खोलीत होत्या. नंतर ताई माझ्यापाशी येऊन बसली.

‘म्हणजे तुले वाटते मी सगळं मनानं रचलं?’

‘ताई, रचलं नाहीस. तुला दिसलं. फक्त जिथून आलं असं तुला वाटतं तिथूनच ते आलं असेल, असं नाही.’

‘थे बाई रडत होती रे.’ ती म्हणाली. कोणती बाई, हे मी विचारलं नाही.

रिग्रेशनचं तिसरं सत्र तिने रद्द केलं की पुढे ढकललं, मला माहीत नाही. अमरावतीला एका मानसशास्त्रज्ञांकडे ती दोनदा जाऊन आली. तिथं तिला मागे नेलं नाही. आधी विहिरीचा फोटो, मग लांबून खरी विहीर, मग थोडं जवळून, असं चाललंय. कंटाळवाणं आहे, असं ती म्हणते. दिराशी अजून बोलत नाही, पण मागच्या आठवड्यात त्याच्या मुलीच्या साक्षगंधाला गेली होती.

तिथं चहा घेतलास का, असं मी मेसेज करून विचारलं. तिने फक्त एक अंगठा पाठवला.